60 डॉलरला विकत घेतलेला विश्वास : डेटिंग अ‍ॅपवरील ओळखीतून झालेल्या बनावट ट्रेडिंगचे एक प्रकरण

येथे मांडलेले प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा फसवणुकीच्या तक्रारींमध्ये जो क्रम पुन्हा पुन्हा आढळतो, तो एका तक्रारदाराच्या रूपात गुंफला आहे आणि हिशेब नीट समजावा म्हणून रकमा सोप्या ठेवल्या आहेत. ही तक्रारदार 43 वर्षांची, घटस्फोटित स्त्री आहे. ती एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. आलेल्या आणि गेलेल्या रकमांचा मेळ घालणे हा तिचा रोजचा उद्योग आहे. अकरा आठवड्यांत तिने 59,500 डॉलर पाठवले आणि 1,360 डॉलर परत मिळवले, म्हणजे तिचे निव्वळ नुकसान 58,140 डॉलरचे झाले.

तिचा पेशा आधीच सांगण्याला कारण आहे. असे प्रकरण ऐकताच बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो हा की, हिशेब कळणारा माणूस यात सापडणार नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या हार्टलँड ट्राय-स्टेट बँकेच्या प्रमुखाने अशाच क्रिप्टो योजनेच्या नादी लागून बँकेचेच सुमारे 4 कोटी 71 लाख डॉलर बाहेर पाठवले. जुलै 2023 मध्ये ती बँक बुडाली आणि 2024 मध्ये त्याला 24 वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. आयुष्यभर कर्जदारांची कागदपत्रे तपासणारा तो माणूस होता. या फसवणुकीत आकड्यांची बेरीज चुकत नाही. आकडे ज्या पडद्यावर दिसतात तो पडदा कोणाचा आहे, हा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तो विचारला जाऊ नये याचसाठी आधीचे आठवडे खर्ची घातलेले असतात.

पैशाचे नाव न काढलेले सोळा दिवस

डेटिंग अ‍ॅपवर जुळणी झाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी समोरच्या व्यक्तीने लिहिले, “मी इथे फारसा येत नाही, हे अ‍ॅप काढूनच टाकणार आहे. आपण दुसरीकडे बोलू या का?” त्यानंतरचे सगळे संभाषण एका मेसेजिंग अ‍ॅपवर झाले. वरवर साध्या वाटणाऱ्या या सूचनेमागे एक व्यावहारिक हेतू असतो. डेटिंग अ‍ॅपवर कोणी तक्रार केली की ते खाते बंद होऊ शकते आणि त्या खात्याशी बोलणाऱ्या इतरांनाही काही वेळा इशारा जातो. संभाषण आधीच बाहेर नेलेले असेल, तर खाते बंद झाल्याने फसवणाऱ्याचे काही अडत नाही.

त्याने स्वतःविषयी जे सांगितले ते सगळे तपासायला अवघड होते. तो बांधकाम साहित्याच्या व्यापारात होता, कामानिमित्त सतत प्रवासात असे, काही वर्षांपूर्वी त्याचे लग्न मोडले होते आणि एका काकांनी त्याला वाढवले होते. तक्रारदाराने पुढे संभाषणाची नोंद छापून काढली तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांची पाने 140 भरली. त्या पानांत पैशाचा उल्लेख नाही. सकाळचा नमस्कार आहे, दुपारी जेवण झाले का ही चौकशी आहे, व्यायामशाळेतला एखादा फोटो आहे, आणि मधूनमधून पेरलेले प्रश्न आहेत. घरी कोण कोण असते? मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर एकटे वाटत नाही का? घर स्वतःचे आहे की भाड्याचे? निवृत्तीनंतर काय करायचे ठरवले आहे? सलग वाचल्यावर हे प्रश्न कर्जाच्या अर्जातल्या रकान्यांसारखे दिसतात, परंतु प्रत्यक्षात ते चार-चार दिवसांच्या अंतराने आणि प्रत्येक वेळी त्याने स्वतःची काही हकिकत सांगितल्यावर विचारले गेले होते. तिच्याकडे किती शिल्लक आहे, कर्ज किती मिळू शकेल आणि तिला अडवणारे घरात कोणी आहे का, हे सोळाव्या दिवसापर्यंत त्याला कळले होते.

नवव्या दिवशी संभाषण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले. त्या बदलाची सूचना त्याने केली नव्हती, तिनेच केली. तक्रारदार या गोष्टीचा उल्लेख अजूनही खालच्या आवाजात करते. या प्रकरणात प्रत्येक पुढचे पाऊल तिनेच टाकल्यासारखे दिसते, आणि हा योगायोग नाही.

नोंद काळजीपूर्वक वाचल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख त्याने बरोबर लक्षात ठेवून सकाळी चौकशी केली, आणि त्याच रात्री, हे आधी सांगून झालेले असतानाही, “तुझी आई तुझ्याजवळच राहते का?” असे विचारले. तक्रारदाराने तेव्हा हे थकव्यावर घातले. अशा फसवणुकीत एका प्रोफाइलमागे बहुधा पाळ्यांमध्ये काम करणारी अनेक माणसे असतात. ग्राहकाविषयीच्या नोंदी एका पाळीकडून दुसरीकडे दिल्या जातात आणि कधीतरी नोंद वाचायची राहते. त्या खुर्चीवर बसलेला माणूसही स्वतःच्या इच्छेने तेथे आलेला असेलच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामात बळजबरीने अडकवलेले असावे. नोकरीच्या आमिषाने नेऊन, पारपत्र काढून घेऊन त्यांना अशा संकुलांत डांबले जाते.

व्हिडिओ कॉल दोनदा झाले. दोन्ही वेळा ते दीड-दोन मिनिटांत तुटले, प्रकाश कमी होता, परंतु चेहरा फोटोतलाच होता. अशा कॉलसाठी वेगळी माणसे पगारावर ठेवलेली असतात, त्यामुळे ‘व्हिडिओवर पाहिले आहे’ या पुराव्याला फारशी किंमत उरत नाही. तक्रारदाराच्या मनातली शंका मात्र त्या दीड मिनिटांनी कायमची मिटवली.

शिकवायला नकार

सतराव्या दिवशी त्याने लिहिले, “आता अर्धा तास उत्तर देता येणार नाही, काकांचा निरोप आला आहे.” अर्ध्या तासानंतर त्याने सांगितले की काका बाजाराचे विश्लेषण करतात, आठवड्यातून दोन-तीन वेळा एखादी नेमकी वेळ कळवतात आणि त्या वेळेत लहानसा सौदा केला की ठरलेला नफा होतो. सोबत एका पडद्याचा फोटो होता : गुंतवणूक 8,000, नफा 1,120. तिने उत्सुकतेने विचारले तेव्हा त्याने विषय बदलला. दोन दिवसांनी पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला, “हे सगळ्यांना जमत नाही, आणि पैशामुळे आपल्यात काही बिघडावे असे मला वाटत नाही.”

संपूर्ण प्रकरणातील हा नकार मला सर्वांत कसबी वाटतो. ज्याला फसवायचे आहे तो माणूस आपल्यामागे लागेल, अशी आपली सर्वांची समजूत असते. येथे तो मागे हटतो, आणि विनंती करणारी बाजू उलटी होते. तिसऱ्यांदा तिने विचारले तेव्हा त्याने तिला पैसे घालायला सांगितले नाहीच. प्रवासात आपल्याला नेटवर्क मिळणार नाही, तेव्हा आपल्या खात्यावरचा आजचा सौदा तिने करावा, असे म्हणून त्याने स्वतःचे लॉगिन तिला दिले. खात्यात 3,40,000 डॉलर दिसत होते. त्याने सांगितलेल्या मिनिटाला तिने ‘खरेदी’चे बटण दाबले, 60 सेकंदांचा काटा मागे धावला आणि शिलकीत 4,000 ची भर पडली. इतकी मोठी रक्कम त्याने आपल्या हाती सोपवली, या एका गोष्टीने त्याच्या हेतूविषयीचा प्रश्नच संपला, असे ती सांगते.

त्या खात्यात एक डॉलरही नव्हता. असा ‘प्लॅटफॉर्म’ म्हणजे खऱ्या बाजारातल्या किमतींचा आलेख बाहेरून आणून दाखवणारे संकेतस्थळ असते. आलेख खरा असल्यामुळे तो दुसऱ्या कोणत्याही ठिकाणच्या आलेखाशी ताडून पाहिला तरी जुळतो. खोटे असते ते खाते. शिलकीचा आकडा हा प्लॅटफॉर्म चालवणाऱ्याने आपल्या संगणकावर लिहिलेला आकडा असतो, आणि 30 किंवा 60 सेकंदांच्या सौद्यात कोणत्या ग्राहकाला जिंकवायचे व कोणाला हरवायचे हेही त्यालाच मागच्या बाजूने ठरवता येते. काकांचा अंदाज कधी चुकत नाही याचे कारण इतके साधे आहे.

पहिली परतफेड

पाचव्या आठवड्यात तिने 500 डॉलर घातले. पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे, कारण तिच्या बँकेतून फसवणाऱ्याकडे थेट असे काहीच गेले नाही. तिने एका नामांकित, परवानाधारक क्रिप्टो एक्स्चेंजवर स्वतःच्या नावाने खाते उघडले, ओळखपत्र देऊन पडताळणी केली, तेथे 500 यूएसडीटी घेतले आणि बनावट प्लॅटफॉर्मने दाखवलेल्या पत्त्यावर पाठवले. यूएसडीटी हे डॉलरशी जखडलेले नाणे आहे. त्याची किंमत फारशी वरखाली होत नाही आणि ट्रॉन नावाच्या नेटवर्कवरून ते काही मिनिटांत पोहोचते, म्हणून या धंद्यात त्याला पसंती असते. पत्ता `T` या अक्षराने सुरू होणारी 34 अक्षरांची एक ओळ असते. त्या ओळीवर मालकाचे नाव नसते.

चार सौद्यांनंतर शिल्लक 560 झाली. त्याने सुचवले, “आधी सगळे काढून घे. पैसे बाहेर येतात हे स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस.” तिने विनंती नोंदवली. 40 मिनिटांत 560 यूएसडीटी तिच्या खऱ्या एक्स्चेंजवरील खात्यात आले आणि दुसऱ्या दिवशी ते डॉलर होऊन तिच्या बँकेत जमा झाले. तो जमा झाल्याचा संदेश तिने अजून ठेवला आहे.

या ठिकाणी जरा थांबून हिशेब पाहायला हवा. त्या संध्याकाळी फसवणाऱ्याच्या खिशातून गेलेली रक्कम 560 नव्हती. 500 तिचेच होते. गेले ते फक्त 60. त्या 60 डॉलरच्या बदल्यात त्याला जे मिळाले ते चार आठवड्यांच्या गोड बोलण्याने मिळाले नसते : प्लॅटफॉर्म खरा आहे, याचा तिने स्वतः, स्वतःच्या बँकेच्या खात्यावर पाहिलेला पुरावा. सावध माणूसच हा पुरावा मागतो, आणि सावध माणसालाच तो सर्वांत अधिक पटतो. थोडी रक्कम काढून पाहा, हा सल्ला हितचिंतकही देतात. या फसवणुकीत मात्र तीच चाचणी फसवणाऱ्याने आधीच प्रश्नपत्रिकेत घातलेली असते. लहान रक्कम परत आली म्हणून मोठी येईल असे सिद्ध होत नाही; लहान रक्कम परत करणे फायद्याचे होते एवढेच सिद्ध होते.

सहाव्या आठवड्यात तिने 5,000 घातले आणि मुलीच्या शुल्कासाठी 800 काढले. तेही आले. हे 800 तिच्याच 5,000 मधले होते. त्यानंतर तिच्या खात्यावर एक पैसाही परत आला नाही, परंतु हे कळायला आणखी पाच आठवडे लागले.

रक्कम वाढते, माणसे कमी होतात

सातव्या आठवड्यात तिने बचतीतले 20,000 घातले. त्या वेळी बँकेतून तिला फोन आला : ही रक्कम कशासाठी आहे, कोणी सांगितल्यावरून पाठवत आहात का? ती गोंधळू नये म्हणून उत्तर त्याने आधीच तयार करून दिले होते. क्रिप्टो हा शब्द ऐकला की बँका विनाकारण अडवतात, त्यांना आपले पैसे बाहेर जाऊ द्यायचे नसतात, तेव्हा ‘माझी स्वतःची गुंतवणूक आहे, मला कोणी सल्ला दिलेला नाही’ असे सांग. तिने तसे सांगितले. पुढे तक्रार करताना हेच वाक्य तिच्या विरोधात उभे राहिले, कारण बँकेच्या ध्वनिमुद्रणात ते तिच्या आवाजात होते. कोणत्याही व्यवहारात समोरचा माणूस जेव्हा बँकेला काय सांगायचे हे शिकवू लागतो, तेव्हा पुढचे काही तपासण्याची आवश्यकता उरत नाही. या एका खुणेला अपवाद माझ्या पाहण्यात नाही.

बहिणीलाही काही सांगू नये, असे त्याने कधी म्हटले नाही. तो म्हणाला, “घर घेतल्यावर सगळ्यांना एकदमच सांगू.” गुप्ततेला दिलेले हे आनंदाचे रूप होते, आणि म्हणून ती टोचली नाही.

आठव्या आठवड्यात ‘मोठी संधी’ आली. त्या पातळीवर भाग घ्यायला खात्यात ठरावीक रक्कम लागत होती आणि तिच्याकडे 37,000 कमी पडत होते. त्याने स्वतःचे 15,000 तिच्या खात्यात घातल्याचे दाखवले, तिचा ऊर भरून आला आणि उरलेल्या 22,000 साठी तिने वैयक्तिक कर्ज काढले. त्या 15,000 मागे दुहेरी योजना होती. एक तर उपकाराचे ओझे; आणि दुसरे म्हणजे पुढे याच ‘त्रयस्थ व्यक्तीच्या रकमे’वर बोट ठेवून खाते गोठवता येणार होते. आकडा लिहायला त्याला काहीच खर्च नव्हता.

दहाव्या आठवड्याच्या आरंभी तिच्या पडद्यावर 1,81,140 डॉलर दिसत होते. पडद्यावरच्या या आकड्याची फोड तिने नंतर करून दाखवली, आणि हिशेबनिसाची सवय तेथे दिसली : तिची स्वतःची रक्कम 47,500, त्यातून परत आलेले 1,360 वजा जाता 46,140, त्याचे म्हणून दाखवलेले 15,000, आणि नफा बरोबर 1,20,000. एका डॉलरचीही तफावत नव्हती.

कर, आणि कराचा मार्ग

कर्जाचा पहिला हप्ता जवळ आल्यावर तिने 30,000 काढण्याची विनंती केली. ग्राहक सेवेने अत्यंत सभ्य भाषेत कळवले की एकूण नफ्यावर 20 टक्के, म्हणजे 24,000 डॉलर कर देय आहे आणि तो भरल्यावर 24 तासांत रक्कम मोकळी होईल. तिने साहजिकच लिहिले की हा कर शिलकीतून कापून घ्यावा. उत्तर आले की नियमानुसार तो बाहेरून, स्वतंत्रपणे भरावा लागतो.

सगळे प्रकरण याच उत्तरात उघडे पडते. ज्याच्याकडे आपले 1,81,140 डॉलर खरोखर आहेत, त्याला त्यातून 24,000 वळते करून घ्यायला काय अडचण असणार? खरा दलाल आपले शुल्क शिलकीतूनच घेतो, आणि नफ्यावरचा कर हा करदाता व सरकारचा कर विभाग यांच्यातला मामला असतो; तो कोणा प्लॅटफॉर्मने दिलेल्या क्रिप्टोच्या पत्त्यावर भरला जात नाही. शिलकीतून कापता येत नाही याचा अर्थ शिल्लक नाही, एवढाच होतो. तक्रारदाराला हे त्या क्षणी अगदीच कळले नाही असे नाही. परंतु एका बाजूला ही शंका होती आणि दुसऱ्या बाजूला 47,500 डॉलर, एक कर्ज आणि दहा आठवड्यांचा माणूस होता. त्याने अर्धा कर आपण भरतो म्हणून सांगितले. निवृत्तीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून दंड सोसून तिने 12,000 काढले आणि पाठवले.

दोन दिवसांनी नवे पत्र आले. खात्यात त्रयस्थाची 15,000 ची रक्कम आढळल्याने काळ्या पैशाच्या संशयावरून खाते गोठवले असून तेवढीच अनामत भरल्यावर ते खुले होईल. ही मालिका आपणहून संपत नाही. कर, अनामत, विलंब शुल्क, पडताळणी शुल्क अशी नावे बदलत राहतात, आणि बळीकडचे पैसे किंवा त्याची श्रद्धा यांपैकी काहीतरी एक संपेपर्यंत मागणी चालू राहते.

अर्ध्या तासाची तपासणी

पंधरा हजार उसने मागण्यासाठी तिने अखेर बहिणीला फोन केला. बहिणीच्या मुलाने पुढच्या अर्ध्या तासात दोन गोष्टी तपासल्या. पहिली म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या नोंदणीची तारीख, जी कोणालाही फुकट पाहता येते. 2016 पासून कार्यरत असल्याचा दावा करणाऱ्या त्या प्लॅटफॉर्मचे नाव चार महिन्यांपूर्वी नोंदवलेले होते. दुसरी तपासणी अधिक निर्णायक ठरली. ट्रॉन नेटवर्कवरचा प्रत्येक व्यवहार सार्वजनिक असतो आणि `tronscan.org` या स्थळावर पत्ता टाकला की त्यावर आलेल्या-गेलेल्या रकमा वेळेसह दिसतात. तिने कर्जाचे 22,000 ज्या पत्त्यावर पाठवले होते, तेथे ते रात्री 9 वाजून 14 मिनिटांनी आले होते आणि 9 वाजून 19 मिनिटांनी निघून गेले होते. ज्या आठवड्यात त्या रकमेवर रोज नफा चढत असल्याचे ती पाहत होती, त्या सगळ्या काळात तो पत्ता रिकामा होता.

या तपासणीलाही मर्यादा आहे, ती सांगायला हवी. खरी एक्स्चेंजसुद्धा ग्राहकाने पाठवलेली रक्कम लगेच आपल्या मुख्य पत्त्यावर गोळा करतात, त्यामुळे रक्कम निघून गेली एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. ती पुढे कोठे गेली हे पाहावे लागते. येथे ती तीन नवीन पत्त्यांवर तुकड्यांत विभागून, त्यात इतर रकमा मिसळून, पुढे सरकवलेली होती. शिवाय प्रत्येक भरण्यासाठी प्लॅटफॉर्मने वेगळा पत्ता दिला होता आणि त्याला ‘सुरक्षेची सोय’ म्हटले होते; एखाद्या पत्त्याविरुद्ध तक्रार झालीच तर बाकीचे वाचावेत, हा त्यामागचा खरा उपयोग.

हे सगळे पाहूनही तिने त्या रात्री त्याला संदेश पाठवला. तू ठीक आहेस ना, तुलाही फसवले का, असे विचारले. अशा प्रकरणांत असे बहुतेक वेळा घडते, आणि त्याकडे भाबडेपणा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. प्लॅटफॉर्म खोटा असल्याचा पुरावा तिच्यासमोर होता, परंतु माणूस खोटा असल्याचा पुरावा ट्रॉनस्कॅनवर दिसत नाही.

तक्रार

ती तक्रार करायला नऊ दिवस कचरली. या फसवणुकीला चिनी भाषेत ‘शा झू पान’, म्हणजे डुक्कर पोसून कापण्याचा खेळ, असे नाव आहे, आणि शोध घेताना तिला सर्वांत आधी तेच नाव दिसले. इंटरपोलने डिसेंबर 2024 मध्ये हा शब्दप्रयोग थांबवण्याचे आवाहन केले, कारण त्या शब्दाची लाज बळींना तक्रारीपासून दूर ठेवते. मला हे आवाहन केवळ सौजन्याचे वाटत नाही. येथे दिवसांना पैशाइतकेच मोल असते. यूएसडीटी जारी करणारी टेदर ही कंपनी एखाद्या पत्त्यावरील नाणी गोठवू शकते, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तिने आग्नेय आशियातील अशा टोळीशी संबंधित सुमारे 22 कोटी 50 लाख यूएसडीटी गोठवले होते. परंतु गोठवण्यासाठी ती नाणी त्या पत्त्यावर असायला हवीत आणि मागणी सहसा तपास यंत्रणेकडून यावी लागते. नऊ दिवसांत तिचे 12,000 बरेच पुढे गेले होते.

त्या नऊ दिवसांत तिच्याशी आणखी कोणी संपर्क साधला. समाजमाध्यमावर तिने विचारलेल्या एका प्रश्नाखाली एका ‘वसुली तज्ज्ञा’ने उत्तर दिले, तिचे पैसे शोधल्याचे सांगितले आणि ते सोडवण्यासाठी आगाऊ 1,800 डॉलर मागितले. ब्लॉकचेनवर, म्हणजे ट्रॉनसारख्या नेटवर्कच्या सार्वजनिक नोंदवहीत, गेलेली रक्कम कोणीही बाहेरून उलटी फिरवू शकत नाही. भाच्याने ते संभाषण बंद करायला लावले. अनेकदा पहिल्या टोळीकडूनच बळींच्या याद्या अशा लोकांकडे जातात.

तक्रारीसोबत तिने सर्व संभाषणाची निर्यात केलेली फाईल, प्लॅटफॉर्मच्या संकेतस्थळाचा पत्ता, ग्राहक सेवेची पत्रे आणि प्रत्येक भरण्याचा व्यवहार क्रमांक जोडला होता. हा व्यवहार क्रमांक 64 अक्षरांचा असतो आणि एक्स्चेंजच्या इतिहासात तो सापडतो. पडद्याच्या फोटोपेक्षा तपासाला त्याचा उपयोग अधिक होतो. तिने हकिकत कराच्या मागणीपासून सुरू केली होती, कारण तिच्या दृष्टीने फसवणूक तेथे सुरू झाली. आधीचे 560 आणि 800 तिने तक्रारीत घेतलेच नव्हते. ते तर परत मिळाले होते.

तपास अधिकाऱ्याने नेमका तोच तपशील मागितला. भरण्यासाठी दिलेले पत्ते एकदा वापरून टाकून देण्यासाठी असतात, पण परतफेड करताना टोळीला स्वतःच्या चालू तिजोरीतून पैसे काढावे लागतात, आणि ते ज्या पत्त्यावरून निघतात तो दिसतो. तिच्या एक्स्चेंजच्या इतिहासातून त्या 560 चा व्यवहार क्रमांक काढला गेला आणि पाठवणारा पत्ता उघडला. त्याच संध्याकाळी, तिच्या रकमेच्या आधी आणि नंतर, त्या पत्त्यावरून आणखी रकमा निघाल्या होत्या : 112, 335, 224, पुन्हा 560. प्रत्येक रक्कम वेगळ्या पत्त्यावर गेली होती. टक्केवारी काढायला तिला कागद लागला नाही. 100 वर 12, 300 वर 35, 200 वर 24. अधिकाऱ्याने त्या पत्त्यांपैकी कोणते नोंदणीकृत एक्स्चेंजचे आहेत हे शोधायला घेतले, कारण ज्यांच्याकडे ही रक्कम त्या संध्याकाळी पोहोचली होती, त्यांच्यापैकी काही जण अद्याप सातव्या किंवा आठव्या आठवड्यात असण्याची शक्यता होती.